पुण्यात फ्लॅट घ्यावा की भाड्यानेच राहावं?
ईटच्या एका जोडप्याचा पैशांसकट हिशेब

भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावातून पुण्याकडे गेलेल्या मुलामुलींना लग्नानंतर वर्षभरात एक प्रश्न हमखास विचारला जातो: "भाड्याचे पैसे अजून किती दिवस वाया घालवणार?" घरचे लोक काळजीने विचारतात. हातात दोन पगार असतात, बँक कर्ज द्यायला तयार असते, आणि वडील म्हणतात, कमी पडलं तर रानाचा एखादा तुकडा काढू. अडचण एकच असते. पुढची तीन-चार वर्षं नोकरी कुठे असेल, हे दोघांपैकी एकालाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

अशा जोडप्यासाठी "भाडं म्हणजे वाया, हप्ता म्हणजे बचत" हा हिशेब चुकतो. घर घेताना आणि ते विकताना जो पैसा कायमचा जातो, तो भरून निघायला वर्षं लागतात. किती वर्षं लागतात, हे आकडे मांडूनच बघू.

उदाहरणातलं जोडपं

आपण एक नमुन्याचं जोडपं धरू. नवरा चाकणच्या एका कारखान्यात आहे, हातात महिन्याला 48,000 रुपये येतात. बायको डी.एड. झालेली आहे, मोशीतल्या खासगी शाळेत 22,000 रुपयांवर शिकवते. तिने शिक्षक अभियोग्यता चाचणी दिली आहे आणि पवित्र पोर्टलवरून जिल्हा परिषदेत निवड होण्याची ती वाट बघते आहे. निवड झाली तर शाळा धाराशिवमध्ये मिळेल, पालघरमध्ये मिळेल की गडचिरोलीत, हे तिच्या हातात नाही.

ती दोघं मोशीत दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये 16,000 रुपये भाड्याने राहतात, मेंटेनन्स घरमालक भरतो. त्याच सोसायटीत तसाच फ्लॅट 48 लाखांना विकाऊ आहे. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं आहे, त्यामुळे जीएसटीचा प्रश्न नाही. हेच घर बांधकाम चालू असताना घेतलं असतं, तर 45 लाखांच्या वरची किंमत म्हणून 5 टक्के, म्हणजे 2,40,000 रुपये जीएसटी वेगळा भरावा लागला असता. शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडंही चालूच राहिलं असतं आणि कर्जाचं व्याजही.

घराची किंमत, भाडं आणि पगार हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमचे आकडे वेगळे असतील, पण मांडणी हीच ठेवा.

दारातून आत जाण्याचा खर्च

30 लाखांच्या वरच्या कर्जासाठी बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच रक्कम देते. म्हणून इथे 38 लाख कर्ज मिळेल आणि 10 लाख पदरचे घालावे लागतील. बहुतेक जण तयारी करतात ती या दहा लाखांची. पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही, तो रोख लागतो:

- मुद्रांक शुल्क, सर्व अधिभार धरून 7 टक्के: 3,36,000
- नोंदणी शुल्क (1 टक्का, पण जास्तीत जास्त 30,000): 30,000
- बँकेचं प्रक्रिया शुल्क, वकिलाचा सर्च रिपोर्ट, गहाणाची नोंद: सुमारे 40,000
- एजंटची दलाली, 1 टक्का: 48,000
- जाळ्या, पंखे, ओट्याची डागडुजी, रंग: सुमारे 1,00,000

बेरीज होते 5,54,000. म्हणजे पदरचे 10 लाख नाही, साडेपंधरा लाख लागतात, आणि त्यातले साडेपाच लाख घराच्या किमतीत कुठेही दिसत नाहीत. उद्या घर विकायला काढलं तर घेणारा तुम्ही भरलेल्या मुद्रांक शुल्काचे पैसे देणार नाही.

इथे एक सवलत लक्षात ठेवावी. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट मिळते. या उदाहरणात 48,000 रुपये वाचतात. नवऱ्याचं नाव खरेदीखतात जोडलं की ही सूट जाते. कर्जात तो सहकर्जदार म्हणून राहू शकतो का, हे बँकेला आधी विचारून मगच खरेदीखताचा मसुदा करावा.

हप्त्यात बचत किती असते?

38 लाखांचं कर्ज, 20 वर्षं मुदत आणि साडेआठ टक्के व्याज धरलं तर हप्ता साधारण 33,000 रुपये येतो. पहिल्या वर्षी बँकेत जमा होतात 3,96,000 रुपये. त्यातले 3,20,000 व्याजात जातात आणि मुद्दल फक्त 76,000 ने उतरतं. तीन वर्षांत जवळजवळ 11,87,000 रुपये भरून झाल्यावरही कर्ज साडेपस्तीस लाखांच्या वरच असतं.

कर्जाच्या मंजुरीपत्रासोबत बँक परतफेडीचा तक्ता देते. सही करण्याआधी त्यातली छत्तिसावी ओळ बघा. "शिल्लक मुद्दल" या रकान्यातला आकडा म्हणजे तीन वर्षांनी बदली झाली आणि घर विकावं लागलं, तर त्या दिवशी बँकेला परत करायची रक्कम. घराबद्दलचा निर्णय या आकड्याकडे बघून व्हायला हवा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड लागत नाही, एवढा मात्र दिलासा आहे.

"पण करात सवलत मिळते ना?" असं ऑफिसातले मित्र सांगतात. ते जुन्या करपद्धतीपुरतं खरं आहे. नव्या करपद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जाच्या व्याजावर वजावट नाही. शिवाय 2025-26 या आर्थिक वर्षापासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही, पगारदारांना प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. आपल्या जोडप्याला करच नाही, मग कर्ज काढून वाचवणार काय? त्यांच्या हिशेबात ही सवलत शून्य धरावी.

तीन वर्षांनी विकावं लागलं तर

आता दोन्ही बाजूंचा परत न येणारा पैसा शेजारी ठेवू.

घर घेतलं तर तीन वर्षांत सुरुवातीचे 5,54,000 गेले. व्याजात 9,40,000 गेले. मेंटेनन्स महिना 2,500 आणि मालमत्ता कर वर्षाला 8,000 धरला तर 1,14,000. विकताना दलाली आणि किरकोळ कागदपत्रं मिळून 60,000. आणि पदरचे साडेपंधरा लाख मुदत ठेवीत 7 टक्क्यांनी ठेवले असते तर मिळालं असतं ते सुमारे 3,50,000 व्याज, तेही बुडालं. एकूण होतात 20,18,000.

भाड्याने राहिलं तर पहिल्या वर्षी 16,000, पुढे दरवर्षी 5 टक्के वाढ, असं तीन वर्षांचं भाडं 6,05,000. एकदा घर बदलावं लागलं तर टेम्पो, एजंट आणि नवा करार मिळून 40,000. एकूण 6,45,000. डिपॉझिट परत येतं, म्हणून ते यात धरलेलं नाही.

फरक आहे 13,73,000 रुपयांचा. म्हणजे 48 लाखांचा फ्लॅट तीन वर्षांत पावणेबासष्ट लाखांना गेला, तर कुठे भाड्याशी बरोबरी होईल. भाडेकरूची दरमहा होणारी बचत आणि तिच्यावरचं व्याजही हिशेबात घेतलं तर घराची किंमत सलग तीन वर्षं साधारण नऊ टक्क्यांनी वाढायला हवी. विक्रीत नफा झाला तर त्यावर साडेबारा टक्के कर आहे, तो याच्या वर. दोन वर्षांच्या आत विकलं तर नफा नेहमीच्या उत्पन्नात धरला जातो.

तेच जोडपं त्या घरात सात वर्षं राहिलं तर चित्र बदलतं. सुरुवातीचा खर्च सात वर्षांवर वाटला जातो, मुद्दल जवळजवळ सात लाखांनी उतरलेलं असतं आणि भाडं तोपर्यंत साडेएकवीस हजारांवर गेलेलं असतं. तेव्हा बरोबरीसाठी किंमत दरवर्षी सहा-साडेसहा टक्क्यांनी वाढली तरी पुरते. तीही वाढ हमखास नाही, कारण सात वर्षांनी इमारत जुनी झालेली असते आणि शेजारी नव्या इमारती उभ्या राहिलेल्या असतात. पण ती अपेक्षा तरी वाजवी आहे. सलग नऊ टक्क्यांवर मात्र संसार टाकू नये.

यावरून आपल्या उदाहरणापुरता नियम निघतो: त्याच गावात किमान सहा-सात वर्षं राहू, असं दोघांनाही खात्रीने म्हणता येत नसेल, तर घर घेऊ नये.

बदलीचं पत्र आलं त्या महिन्याचा हिशेब

वर्षांचा हिशेब झाला. पण जोडपी अडकतात ती महिन्याच्या हिशेबात.

समजा दीड वर्षाने बायकोची जिल्हा परिषदेत निवड झाली आणि शाळा दुसऱ्या जिल्ह्यात मिळाली. नोकरी सरकारी आहे, सोडायचा प्रश्नच नाही. पण पहिली तीन वर्षं ती शिक्षणसेवक असेल आणि प्राथमिक शिक्षणसेवकाचं मानधन 16,000 रुपये आहे. म्हणजे पक्क्या नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांत घरात येणारा पैसा कमी होतो: 70,000 चे 64,000. त्यात दोन ठिकाणी दोन चुली पेटतात.

घर घेतलेलं असेल तर हप्ता 33,000, मेंटेनन्स आणि कर 3,200, तिच्या खोलीचं भाडं 5,000, येण्याजाण्याचे 3,000. हातात राहतात 19,800. त्यात दोन ठिकाणचा किराणा, गॅस, मोबाइल, दवाखाना आणि गावाकडे पाठवायचे पैसे. एखाद्या महिन्यात कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाला की ओढाताण सुरू.

भाड्याने राहत असतील तर तो नोटीस देऊन दोन बेडरूमचं घर सोडतो आणि 8,000 च्या एका खोलीत जातो. तिची खोली 5,000, प्रवास 3,000. हातात राहतात 48,000.

"मग फ्लॅट भाड्याने देऊ," असं उत्तर लगेच सुचतं. तो फ्लॅट 16,000 ला जाईल. मेंटेनन्स आणि कर वजा केले की 12,800 उरतील, शिवाय सोसायटी मेंटेनन्सच्या सेवाशुल्कावर 10 टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क लावू शकते. हप्ता 33,000 चा. म्हणजे भाडेकरू वेळेवर पैसे देत असला तरी दरमहा 20,000 खिशातून घालायचे, आणि नवऱ्याला राहायला वेगळी खोली घ्यायची. मधे दोन महिने घर रिकामं राहिलं तर पूर्ण हप्ता अंगावर.

म्हणून कर्जासाठी सही करण्याआधी दोघांनी एक कागद घेऊन सर्वांत वाईट महिना लिहून काढावा: एकाचा पगार थांबला आहे किंवा कमी झाला आहे, आणि राहणं दोन गावांत आहे. त्या महिन्यातही हप्ता एकाच पगाराच्या निम्म्यात बसत असेल, आणि सहा हप्त्यांइतकी रक्कम बँकेत वेगळी पडून असेल, तरच पुढे जावं. इथे निम्मा पगार 24,000 होतो आणि हप्ता 33,000 चा आहे. उत्तर कागदावरच मिळतं.

गावाकडची जमीन विकून?

डाउन पेमेंटसाठी ईटचं रान विकायचा विचार असेल, तर त्याचा हिशेब स्वतंत्र करा. फ्लॅट पुन्हा घेता येतो, विकलेलं रान पुन्हा मिळेल याची खात्री नाही. आणि घराण्याची सगळी जमीन गेली तर शेतकरी असल्याचा आधारच जातो. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, नसेल तर खास परवानगी घ्यावी लागते. सातबाऱ्यावर चुलते, आत्या आणि बहिणींची नावं असतील, तर विक्रीला त्या सगळ्यांच्या सह्या लागतील. त्या मिळेपर्यंत फ्लॅटचा सौदा थांबत नाही आणि दिलेला बयाणा अडकून पडतो.

उलट, गावातलं वडिलोपार्जित घर नीट करणं हा स्वस्तातला आधार आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर घर कोणाच्या नावावर आहे ते बघा. स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी होऊन गावठाणातल्या घरांना मालमत्तापत्रक दिलं जातं. ते मिळालं असेल तर जपून ठेवा, कारण गावठाणातल्या घरावर बँकेचं कर्ज मागताना नुसत्या नमुना 8 पेक्षा त्याचं वजन जास्त. ईट-भूम रस्त्याकडेचा "एक गुंठा प्लॉट" मात्र बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकन डोळ्यांनी बघितल्याशिवाय घेऊ नका.

भाड्याने राहायचं, तर असं

भाड्याचा फायदा दोन गोष्टींवर उभा आहे: करार पक्का हवा आणि वाचलेला पैसा वेगळा जमा व्हायला हवा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. "नोटरी करून देतो, तेच चालतं" असं कोणी सांगितलं तर मानू नका. नोंदणीसाठी फार पैसे लागतातही कुठे? मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के असतं, त्यासाठी डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के रक्कम भाड्यात मिळवतात. आपल्या उदाहरणात 11 महिन्यांचं भाडं 1,76,000 आणि 50,000 डिपॉझिटवरचे साधारण 5,000, म्हणजे शुल्क पाचशेच्या आसपास. शहरी भागात नोंदणी शुल्क 1,000. वर कागद हाताळणीचं थोडं शुल्क आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची फी.

करार 11 महिन्यांचाच हवा असं कायद्यात कुठेही नाही. लिव्ह अँड लायसन्स 60 महिन्यांपर्यंत करता येतो. नोकरीची खात्री नसलेल्या जोडप्याने 24 किंवा 36 महिन्यांचा करार मागावा, दरवर्षी 5 टक्के वाढ त्यातच लिहून घ्यावी, आणि दोन कलमं नीट वाचावीत. पहिलं लॉक-इनचं: तो काळ तीन महिन्यांहून जास्त नको आणि तो दोघांनाही सारखा लागू हवा. दुसरं नोटिशीचं: एक महिन्याची नोटीस दिली की सुटका, उरलेल्या मुदतीचं भाडं नाही. छापील मसुद्यात अनेकदा "लॉक-इन 11 महिने" असं आधीच टाईप केलेलं असतं. बदलीचं पत्र आल्यावर ती एक ओळ दोन-तीन भाड्यांना पडते.

डिपॉझिटवरून भांडण होतं ते घर सोडताना, आणि कारण बहुतेकदा रंगाचं असतं. म्हणून रंगाचे पैसे कापायचे की नाही, कापायचे तर किती, हे करारातच आकड्याने लिहा. डिपॉझिट बँकेतून पाठवा. सामान आत नेण्याआधी भिंती, नळ, सिंकखालची जागा आणि वीजमीटरचं रीडिंग यांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी घरमालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते.

आता वाचलेल्या पैशाबद्दल. पहिल्या वर्षी घर घेण्यात आणि भाड्यात महिन्याला साधारण 20,000 चा फरक आहे. तो पगाराच्या खात्यात राहिला तर मोटारसायकल, मोबाइल आणि लग्नकार्यांत संपेल, आणि तीन वर्षांनी "भाड्यात वाया गेले" हेच खरं ठरेल. पगार झाला त्याच दिवशी 20,000 आवर्ती ठेवीत जातील अशी सूचना बँकेला द्या. तीन वर्षांत साधारण आठ लाख होतात. आधीचे साडेपंधरा लाख व्याजासह एकोणीस लाखांच्या पुढे जातात. भाड्याची वाढ आणि एखादं स्थलांतर सोसूनही सव्वीस लाखांच्या आसपास रक्कम हाताशी येते.

मग घर घ्यायचं कधी?

आपल्या जोडप्यासाठी ती वेळ ओळखणं अवघड नाही. तिची निवड झाली तर तीन वर्षांचा शिक्षणसेवकाचा काळ संपून नियमित वेतनश्रेणी सुरू होईल, त्या महिन्यात हा सगळा हिशेब पुन्हा मांडायचा. तोपर्यंत तिचा जिल्हा कळलेला असेल. आंतरजिल्हा बदलीला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, तेव्हा बहुधा नवऱ्यालाच तिच्या जिल्ह्याजवळ काम शोधावं लागेल, आणि घर तिथेच लागेल, मोशीत नाही. निवड झाली नाही आणि नवरा कारखान्यात कायम झाला, तर मोशीचाच फ्लॅट सव्वीस लाख हाताशी ठेवून बघता येईल. तेव्हा किंमत 56 लाख झालेली असली आणि दारातला सहा-साडेसहा लाखांचा खर्च धरला, तरी कर्ज 36 लाखांच्या आसपास लागेल, म्हणजे आजच्यापेक्षाही थोडं कमी. आणि त्या वेळी पुढची सात वर्षं कुठे काढायची, हे दोघांना ठाऊक असेल.

घरच्यांना सांगताना एवढंच सांगावं: घर घ्यायचं नाही असं ठरलेलं नाही, नोकरीचं गाव ठरल्यावर घ्यायचं असं ठरलं आहे, आणि त्यासाठीचे पैसे दर महिन्याच्या एक तारखेला बँकेत जमा होत आहेत. वडिलांना पासबुक दाखवा, त्यांचा प्रश्न तिथे मिटेल.